गुलमर्गला पहिल्यांदा स्की शिकायला जाताय? आठवडा मांड्यांच्या हिशेबाने आखा

सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरून 'आई गं' म्हणायची वेळ येते ती गड उतरल्यामुळे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला सगळ्या शरीराचं वजन पेलून धरावं लागतं. या दुसऱ्या प्रकारच्या कामाने स्नायूचे तंतू सूक्ष्म पातळीवर दुखावतात आणि बारा ते चोवीस तासांनी दुखायला लागतं. सगळ्यात जास्त दुखतं ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

स्कीइंग म्हणजे सगळं उतरणंच. त्यातही नवशिक्याचं उतरणं जास्त कष्टाचं, कारण तो गुडघे वाकवून, टाचा बाहेर ढकलून, सतत ब्रेक लावत खाली येतो. मी पहिल्यांदा गुलमर्गला गेले तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. सहाही दिवस रोज सकाळ-संध्याकाळ क्लास ठरवला होता आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, अगदी सौम्य उतारावर, पाय ऐकेनासे झाल्यामुळे पडून गुडघा मुरगळला. उरलेले तीन दिवस खोलीच्या खिडकीतून बर्फ बघण्यात गेले. दोन वर्षांनी मामेबहिणीला घेऊन पुन्हा गेले ती आधी मांड्यांचा हिशेब करून. ताई तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती, ऑफिसात बसून काम करणारी, अधूनमधून ट्रेक करणारी. तिचा तो आठवडा नीट पार पडला, म्हणून खाली जागोजागी तिचंच उदाहरण देते.

ठिकाण: उंच डोंगर नको, लांब सपाटी हवी

नवशिके ठिकाण निवडताना डोंगर किती उंच आणि गोंडोला, म्हणजे केबल कार, किती वर जातो ते बघतात. पहिल्या आठवड्यात या दोन्हींचा उपयोग नाही. तुम्हाला हवा असतो शंभर-दोनशे मीटर लांबीचा, अगदी हलका उतार, ज्याच्या तळाशी भरपूर सपाट जागा आहे. म्हणजे थांबता आलं नाही तरी स्की आपोआप थांबतात. अशा उताराशेजारी छोटी ओढलिफ्ट असली की झालं. गुलमर्गचं कुरण अगदी असंच आहे. साधारण २,६५० मीटर उंचीवरची ही मोठी बशीसारखी जागा, आणि तिच्या कडेचे उतार नवशिक्यांसाठी वापरले जातात. तिथली मंडळी त्यांना 'बेबी स्लोप' म्हणतात.

गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटरवर. दुसरा अफरवाट शिखराच्या खांद्यापर्यंत, ३,९०० मीटरच्याही वर. दुसऱ्या टप्प्यावरून खाली येणारे उतार म्हणजे बहुतांश मोकळा डोंगर आहे, दाबून तयार केलेला रस्ता नव्हे. तिथे हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक परदेशी स्कीअर अफरवाटच्या बाजूला हिमस्खलनात गेले, आणि ते नवशिके नव्हते. त्यामुळे पहिल्या सहलीत तिथे स्की घेऊन जाण्याचा विषयच नाही. नजारा बघायचा असेल तर विश्रांतीच्या दिवशी साधं तिकीट काढून जा आणि गोंडोलानेच खाली या.

कोंगडोरीहून गुलमर्गला उतरणारा झाडीतला रस्ता त्यामानाने सौम्य, पण तोही पहिल्या चार दिवसांचा नाही. कसोटी सोपी आहे. बेबी स्लोपवर डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना वळता येतं का आणि प्रशिक्षकाने 'थांब' म्हटल्यावर स्कीच्या दोन लांबींत थांबता येतं का? बहुतेकांची एक बाजू चांगली असते आणि दुसरी लंगडी. लंगडी बाजू सुधारेपर्यंत वर जाऊ नका.

उत्तराखंडातलं औली आणि मनालीजवळचं सोलंग हेही पर्याय लोक विचारतात. औलीचे उतार शिकायला छान आहेत आणि गढवाल मंडल विकास निगम तिथे अभ्यासक्रम घेतं. मात्र जोशीमठमध्ये जमीन खचल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये तिथून औलीला येणारा रोपवे बंद केला गेला. जाण्याआधी रोपवे आणि बर्फ दोन्हींची फोनवर खात्री करून घ्या. सोलंग मनालीच्या सहलीत एखादा दिवस स्की पायाला लावून बघायला ठीक. आठवडाभर शिकायचं तर तिथली गर्दी त्रास देते.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी आल्प्समध्ये गाव निवडताना नकाशावरचे रंग बघावेत. फ्रान्समध्ये हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल, काळा. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये सहसा निळ्यापासूनच सुरुवात होते. गावात एकूण किती किलोमीटर उतार आहेत याची जाहिरात जोरात असते. तुम्ही फक्त सोपे उतार मोजा, आणि ते गावाजवळ आहेत की लिफ्टने वर जाऊन आहेत ते विचारा. नवशिक्यांची जागा वर असेल तर संध्याकाळी लिफ्टनेच खाली येता येतं ना, हेही विचारा. नाहीतर दमलेल्या पायांनी अवघड उतार उतरायची पाळी येते.

केव्हा जायचं

काश्मिरात २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हे चाळीस दिवस 'चिल्लई कलां', कडाक्याच्या थंडीचे. नवशिक्या माणसाचा बराच वेळ उभं राहण्यात आणि पडून उठण्यात जातो, त्यामुळे त्याला ही थंडी जास्त बोचते. माझ्या मते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा ते मार्चचा पहिला आठवडा हा काळ सगळ्यात बरा. पण बर्फाची हमी कुणी देऊ शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, महिना संपता संपता बर्फ पडला. २०२५ च्या फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. म्हणून हॉटेल असं घ्या जिथे आठवडाभर आधी रद्द करता येतं, आणि क्लासचे पूर्ण पैसे आगाऊ भरू नका.

एक छोटी पण अडवणारी गोष्ट: जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. आणि ताजा बर्फ असेल तर पायथ्याच्या तंगमर्गपासून वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीने जावं लागतं. श्रीनगरला सकाळच्या विमानाने उतरलात तर हे सगळं उजेडात उरकतं.

स्की की स्नोबोर्ड

दोन्ही थोडं थोडं करून बघू, असं पहिल्या आठवड्यात करू नका. एकच निवडा. स्कीवर पहिल्याच दिवशी सरळ उभं राहून खाली घसरता येतं, पण पुढे नीट वळायला वेळ लागतो. स्नोबोर्डवर पहिले दोन दिवस फार वाईट जातात. दोन्ही पाय एका फळीला बांधलेले, त्यामुळे तोल गेला की एक तर माकडहाडावर आपटायचं नाहीतर हातांवर पडायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र एकदम जमायला लागतं.

दुखण्याच्या जागाही वेगळ्या. स्की करणाऱ्याच्या मांड्या आणि नडग्या दुखतात आणि धोका गुडघ्याला असतो. स्नोबोर्डवाल्याच्या पोटऱ्या, खांदे आणि बूड दुखतं आणि धोका मनगटाला. स्नोबोर्ड घेणार असाल तर मनगटाचे गार्ड आणि आतून घालायची गादीची चड्डी पुण्या-मुंबईतूनच घेऊन जा, स्केटिंगच्या दुकानात गार्ड मिळतात. आधीच गुडघ्याची तक्रार असेल तर दोन्हींपैकी काहीही ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. मनगटाचं जुनं फ्रॅक्चर असेल तर स्की बरी. इथून पुढे मी स्कीबद्दलच लिहिते, पण आठवड्याची आखणी दोघांनाही तीच लागू पडते.

निघण्याआधीचे सहा आठवडे

स्नायूंची एक सोय आहे. उतरण्याचं काम त्यांना एकदा बेताने करायला लावलं, की पुढच्या वेळी तेच काम केल्यावर दुखणं बरंच कमी होतं, आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. म्हणजे गुलमर्गचं दुखणं थोडं थोडं करून घरीच सोसून घेता येतं.

ताईने काय केलं ते सांगते. आठवड्यातून दोनदा इमारतीत लिफ्टने सातव्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने सावकाश उतरायचं. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, मग तीन, शेवटी सहा. त्याशिवाय खुर्चीत बसताना चार आकडे मोजत हळूहळू बसायचं, दहा-दहा वेळा, दोनदा. चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात एकेकदा सिंहगड चढून उतरली. निघण्याआधीचे शेवटचे पाच दिवस काहीच केलं नाही. पहिल्यांदा जिने उतरल्यावर तिच्या मांड्या दोन दिवस भरून आल्या होत्या. सहाव्या आठवड्यात सहा फेऱ्यांनीही काही वाटेना. पळणं, सायकल हे सगळं दमासाठी चांगलंच आहे, पण सायकलने मांड्यांना उतरण्याची सवय होत नाही.

बूट: इथे अर्धा तास द्या

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट भाड्याने मिळतात. स्की कुठलीही चालेल, साधारण हनुवटीपर्यंत येणारी. बूट मात्र नीट बसलाच पाहिजे. माझ्या पहिल्या सहलीत भाड्याच्या दुकानाने मला एक माप मोठा बूट दिला आणि मला तो आरामशीर वाटला म्हणून मी घेतला. चूक तिथेच झाली. बूट सैल असला की आपण पाय वळवतो तेव्हा आधी पाय बुटात फिरतो, मग उशिराने स्की फिरते. तो उशीर भरून काढायला आपण बोटं आवळतो, मांड्या आवळतो, मागे रेलतो. संध्याकाळपर्यंत नडगीवर बूट आपटून काळंनिळं होतं.

तपासायचं असं. एकच पातळ, लांब मोजा घाला. दोन मोजे घातल्याने ऊब वाढत नाही, उलट रक्तपुरवठा आवळला जाऊन बोटं गार पडतात. थर्मलचा पायघोळ बुटाच्या आत जाऊ देऊ नका, त्याची घडी नडगीला रुतते. बूट घालून टाच जमिनीवर आपटा म्हणजे ती मागे बसेल, मग बकलं लावा. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढच्या बाजूला जेमतेम टेकला पाहिजे. गुडघे पुढे वाकवल्यावर तो किंचित मागे सरला पाहिजे. तसंच वाकलेलं राहून टाच उचलायचा प्रयत्न करा. उचलली गेली तर एक माप लहान मागा. बूट घालून दुकानातच दहा मिनिटं थांबा. सगळीकडून सारखं आवळल्यासारखं वाटलं तर ठीक, एकाच बिंदूला ठणका लागला तर बदला.

बूट ज्याने स्कीला अडकतो त्या बाइंडिंगवर एक आकडा असतो. पडल्यावर किती जोर आला की बूट सुटेल हे तो आकडा ठरवतो, आणि तो तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही नवशिके आहात की सराईत यावरून लावतात. दुकानदाराने यातलं काहीच न विचारता स्की हातात दिली तर तुम्ही स्वतः सांगा आणि समोर लावून घ्या. वजन सांगताना संकोच नको. आकडा चुकीचा असेल तर बूट वेळेवर सुटत नाही आणि पीळ गुडघ्यात जातो. माझ्या गुडघ्याच्या वेळी बूट सुटलाच नव्हता.

गॉगल्स विसरू नका. उंचीवर अतिनील किरण जास्त असतात आणि ताजा बर्फ त्यातले बहुतांश परत वर फेकतो. ढगाळ दिवशीही डोळे भाजतात, आणि ते रात्री कळतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागल्यावर.

क्लास किती आणि कसे ठरवायचे

गुलमर्गमध्ये दोन वाटा आहेत. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था तिथे निवासी अभ्यासक्रम घेते. त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात, शिस्त असते, खर्च कमी येतो. दुसरी वाट म्हणजे खासगी प्रशिक्षक, एकट्यासाठी किंवा तीन-चार जणांच्या गटासाठी. संस्थेचं वेळापत्रक सलग आणि मेहनतीचं असतं. विशीतल्या, तयारी करून आलेल्या मुलांनी ते जरूर घ्यावं. चाळिशीच्या आसपासच्या लोकांना मी खासगी प्रशिक्षक सुचवेन, कारण त्यात विश्रांतीचा दिवस आपल्याला ठेवता येतो.

उतारावर पाय ठेवला की 'मॅडम, स्की सिखाऊँ' म्हणत अनेक जण येतील. त्यातले काही उत्तम असतात, पण तिथल्या तिथे ठरवू नका. आदल्या संध्याकाळी भेटा आणि तीन गोष्टी विचारा: कुठला कोर्स केलाय आणि प्रमाणपत्र आहे का, एका वेळी किती जण घेणार, आणि पहिल्या दिवशी काय शिकवणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'पडणं, उठणं, एका स्कीवर चालणं' असं काहीतरी आलं तर माणूस शिकवणारा आहे. 'पहिल्याच दिवशी गोंडोलाने वर नेतो' असं आलं तर नमस्कार करून निघा. क्लासचे तास, सामानाचं भाडं आणि लिफ्टचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या.

ताईसाठी सहा दिवसांत आम्ही चार दिवसांचे क्लास घेतले, आणि तिसरा दिवस सुट्टी हे प्रशिक्षकाशी पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. तो हसून म्हणाला, "मुंबई-पुण्याची माणसं तिसऱ्या दिवशी तशीही उठत नाहीत."

ताईचे सहा दिवस

पोहोचलो ती शनिवारची संध्याकाळ. २,६५० मीटरला काहींचं डोकं हलकं दुखतं, झोप तुटक लागते. आम्ही रस्त्यावर थोडं चाललो, भरपूर पाणी आणि सूप प्यायलो आणि नऊला झोपलो. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या सुरू झाल्या किंवा बसल्या जागी धाप लागली तर स्कीचा विचार सोडून खाली उतरायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

रविवारी सकाळी फक्त दोन तास. पहिला अर्धा तास एकाच पायात स्की घालून सपाटीवर चालणं. मग दोन्ही स्की घालून उताराला आडवं उभं राहून एकेक पाऊल वर चढणं. मग पडायला शिकणं: कडेला, डोंगराच्या बाजूला, हात पुढे. मागे बसायचं नाही, आणि घसरत असताना उठायची धडपड तर मुळीच करायची नाही, कारण गुडघ्याचे लिगामेंट बऱ्याचदा त्यातच जातात. पूर्ण थांबायचं, स्की उताराला आडव्या करायच्या, मग उठायचं. शेवटी 'पिझ्झा': स्कीची टोकं जवळ, मागची बाजू लांब, वरून बघितलं तर पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार. हाच ब्रेक. दुपारी ताईला अजून करायची फार इच्छा होती, पाय अजिबात दुखत नव्हते. मी नाही म्हटलं. पहिल्या दिवशी पाय दुखत नाहीत, कारण दुखणं अजून यायचं असतं.

सोमवारी सकाळी दोन तास, दुपारी दीड तास. ओढलिफ्ट शिकली. दांड्याच्या टोकाची चकती दोन पायांच्या मध्ये येते आणि ती मागून ढकलत नेते. तिच्यावर बसायचं नसतं, बसलं की माणूस खाली कोसळतो. ताई दोनदा पडली, तिसऱ्यांदा वर पोहोचली. मग पिझ्झा करून वळणं: डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर वजन. शेवटच्या अर्ध्या तासात तिची वळणं बिघडायला लागली. ती मागे रेलत होती, पिझ्झा मोठा मोठा होत चालला होता आणि काठ्या हवेत तरंगत होत्या. ही लक्षणं लक्षात ठेवा. माणूस 'मी ठीक आहे' म्हणत असतो, पण मांड्या थकल्या की तो मागे रेलतो, आणि मागे रेलला की स्की ताब्यात राहत नाही. हे दिसलं की ती फेरी शेवटची.

मंगळवार सुट्टीचा. सकाळी ताई पलंगावरून हाताने पाय उचलून खाली ठेवत होती. मांड्या, नडग्या आणि, तिला नवल वाटलं, दंड आणि खांदेसुद्धा. पडून उठण्याचा सगळा भार हातांवर आलेला असतो. सुट्टी म्हणजे दिवसभर लोळायचं नाही. नाश्त्यानंतर आम्ही सपाट बर्फातून सेंट मेरी चर्चच्या दिशेने तासभर हळूहळू चाललो, साध्या बुटांनी. चालल्यावर ताठरपणा कमी होतो. दुपारी गरम पाण्याने अंघोळ, राजमा-भात, अंडी, कहवा आणि तासभर झोप. मसाज करायचा तर हलक्या हाताने. दुखऱ्या मांड्या जोरात रगडल्या तर दुसऱ्या दिवशी आणखी दुखतात. जोर लावून स्ट्रेचिंग केल्यानेही हे दुखणं लवकर जात नाही.

बुधवारी सकाळी निघण्याआधी जिन्याची परीक्षा घेतली. कठडा न धरता दहा पायऱ्या उतरायच्या. दुखतंय पण पाय स्थिर आहेत, तर जा. गुडघा मध्येच दुमडतोय असं वाटलं तर अजून अर्धा दिवस थांबा. ताई उतरली. पहिल्या वीस मिनिटांत अंग गरम झालं आणि दुखणं मागे पडलं. त्या दिवशी काहीतरी जुळलं. सोमवारी जे डोक्याने करत होती ते आता पायांनी व्हायला लागलं. सुट्टीच्या दिवसानंतर हे बऱ्याच जणांचं होतं असं प्रशिक्षक म्हणाला. सकाळ-दुपार मिळून चार तास.

गुरुवारीही तसंच, थोड्या लांब उतारावर. शुक्रवारी सकाळी प्रशिक्षकाने तिची दोन्ही बाजूंची वळणं आणि थांबणं पाहिलं आणि पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीच्या एका रुंद पट्ट्यावर नेलं. फक्त सकाळी, फक्त दोन फेऱ्या, आणि खाली गोंडोलाने. दुपारी काही नाही.

आल्प्समधल्या गट-वर्गांत अशी मधली सुट्टी सहसा मिळत नाही. ते सोमवार ते शुक्रवार सलग असतात. तिथे फक्त सकाळचा वर्ग घ्या, पहिल्या दोन दुपारी स्वतःहून सराव करायचा मोह टाळा आणि बुधवारी दुपारी स्की खोलीवरच ठेवा. वर्ग बुडत नाही आणि मांड्यांना जवळजवळ वीस तास मिळतात.

दुखणं आहे की दुखापत?

हे ओळखता आलं पाहिजे. साधं दुखणं दोन्ही बाजूंना सारखं असतं, स्नायूच्या मध्यभागी असतं, दाबल्यावर आणि हालचाल सुरू करताना जाणवतं, आणि चालता चालता कमी होतं. दुखापत बहुधा एका बाजूची असते आणि सांध्यात असते. ती नेमकी कोणत्या क्षणी झाली ते आठवतं. पडताना 'कट' असा आवाज आला असेल, काही तासांत गुडघा सुजला असेल, पायावर वजन टाकल्यावर तो सरकल्यासारखा वाटत असेल, तर त्या आठवड्याची स्की संपली. गुडघा बांधून तंगमर्ग किंवा श्रीनगरला दाखवायला जा. हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली तर तेही दाखवा. काठी हातात धरून पडल्यावर अंगठा मागे ओढला जातो आणि तिथला लिगामेंट फाटतो. 'मुका मार आहे' म्हणून लोक ते सोडून देतात आणि पुढे चिमटीत जोर राहत नाही.

मांड्या प्रमाणाबाहेर सुजल्या, दुखणं चौथ्या दिवशीही वाढतच असेल किंवा लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. असं क्वचित होतं, पण तेव्हा मूत्रपिंडावर ताण येत असतो.

वेदनाशामक गोळी रात्री झोपेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर हरकत नाही. सकाळी गोळी घेऊन उतारावर मात्र जाऊ नका. आता थांब, हे सांगणारं तुमच्याकडे तेवढं एकच साधन असतं आणि गोळी तेच बंद करते.

विमा घेताना पॉलिसीत स्कीइंगचा उल्लेख आहे का ते वाचा. साध्या प्रवास विम्यात बहुधा ते वगळलेलं असतं, आणि असलं तरी आखलेल्या उतारांपुरतं.

शनिवारी सकाळी निघायचं असेल तर सामान शुक्रवारी संध्याकाळीच परत करून टाका आणि परतीच्या विमानात मधल्या वाटेलगतची सीट मागून घ्या. दर तासाला उठून चाललं नाही तर पुण्याला उतरेपर्यंत पाय पुन्हा आखडतात. घरी आल्यावर चार दिवसांनी, मांड्या मोकळ्या झाल्या की, जिन्याच्या दोन फेऱ्या पुन्हा सुरू करा. ताईने त्या अजून थांबवलेल्या नाहीत, फेब्रुवारीतलं बुकिंग झालंय.